टार्गेट सेल, टिअर ड्रॉप, रूलो: स्लाइडवर दिसलेला आकार रुग्णाचा की आपल्याच हातचा?

मे महिन्यातली दुपार. नागपुरात पारा ४५ च्या वर गेलेला आणि लॅबमध्ये खिडकीला लावलेला कूलर पूर्ण जोरात. त्या दिवशी मी लागोपाठ चार स्लाइड पाहिल्या आणि चारही स्लाइडवर टार्गेट सेल. पहिल्या वेळी मनात थॅलेसेमिया आला, दुसऱ्या वेळी सिकल आला, तिसऱ्या वेळी मात्र खुर्चीवरून उठले. चौथी स्लाइड होती आमच्याच एका टेक्निशियनची, वार्षिक तपासणीसाठी दिलेली. हिमोग्लोबिन १५, एमसीव्ही ८८. त्याच्या रक्तात टार्गेट सेल असायचं काही कारणच नव्हतं.

नवीन आलेला मुलगा स्लाइड कुठे वाळवतो ते पाहायला गेले. ट्रे थेट कूलरसमोर ठेवलेला. "मॅडम, हवा लागून लवकर वाळते ना," तो म्हणाला. हवा लागत होती, पण ती वाळ्याच्या ताट्यांतून आलेली ओली हवा होती. रक्ताचा थर हळूहळू वाळला की तांबड्या पेशीतलं पाणी वाळताना आतच खेळतं, हिमोग्लोबिन मध्ये आणि कडेला सरकतं आणि चांगली पेशी टार्गेटसारखी दिसू लागते. बाहेर अंगाची लाही करणारी कोरडी हवा असताना आम्ही आत कूलर लावून स्वतःचा पावसाळा तयार केला होता.

तेव्हापासून कोणताही आकार दिसला की आधी विचारायचं, हा रुग्णाचा आहे की काचेचा? आजाराचं नाव नंतर. टार्गेट सेल, टिअर ड्रॉप आणि रूलो या तिन्हींच्या बाबतीत हा प्रश्न कसा सोडवायचा आणि सुटल्यावर पुढे काय करायचं, ते लिहिते. डीएमएलटी करणारी मुलं आणि नवे रेसिडेंट डोळ्यांसमोर ठेवून लिहिलं आहे.

स्लाइड करताना

ईडीटीएच्या ट्यूबमधल्या रक्ताची स्लाइड शक्यतो दोन तासांच्या आत करा. दिवसभर पडून राहिलेल्या रक्तात पेशींच्या कडा करवतीसारख्या होतात आणि मग कोणताच आकार खात्रीचा राहत नाही. बाहेरगावच्या कलेक्शन सेंटरवरून, उमरेड-काटोलकडून, संध्याकाळच्या बसने ट्यूब येत असतील तर तिथेच दोन स्लाइड करून, वाळवून सोबत पाठवायला सांगा. त्यासाठी थोडी कटकट करावी लागते, पण करा.

थेंब लहान हवा, दोन ते तीन मिलिमीटरचा, स्लाइडच्या टोकापासून साधारण एक सेंटिमीटरवर. स्प्रेडर ३० ते ४० अंशात धरून थेंबाला टेकवायचा, रक्त कडेने पसरू द्यायचं आणि एका दमात पुढे सरकवायचं. मध्येच थांबलात की पट्टे पडतात. रक्त पातळ असेल, म्हणजे हिमोग्लोबिन पाच-सहा असेल, तर स्प्रेडर थोडा उभा धरा, नाहीतर थर फार लांब आणि विरळ होतो. रक्त घट्ट असेल तर उलट, जरा आडवा धरा.

मग लगेच वाळवा. हातात धरून हलवली तरी चालते. पावसाळ्यात किंवा कूलर चालू असताना साधा हेअर ड्रायर थंड हवेवर ठेवून वापरावा. आमच्याकडे तो दोन वर्षांपासून आहे आणि इतक्या कमी पैशांत इतका उपयोग दुसऱ्या कशाचा झाला नाही.

लिशमन स्टेन पूर्ण थरावर ओतून दोन मिनिटं ठेवायचा. या दोन मिनिटांत त्यातलं मिथेनॉल पेशी पक्क्या करतं. मग त्याच्या दुप्पट बफर, पीएच ६.८ चा, घालून सात ते दहा मिनिटं. मिथेनॉलची बाटली उघडी राहिली तर ते हवेतलं पाणी ओढून घेतं, आणि असं ओलावलेलं मिथेनॉल वापरलं की तांबड्या पेशींत चमकदार खड्डे पडतात, जणू कसर लागली आहे. म्हणून मोठ्या बाटलीतून थोडं थोडं लहान बाटलीत काढून घ्या आणि मोठी घट्ट बंद ठेवा.

आणि रोज पहिल्या बॅचमध्ये एक स्लाइड अशा माणसाची ठेवा ज्याचं रक्त तुम्हाला माहीत आहे. स्वतःचं असेल तरी चालेल. त्या स्लाइडवरही टार्गेट दिसले तर बाकीच्या स्लाइडवरचे टार्गेट रिपोर्टमध्ये लिहायचे नाहीत, स्लाइड परत करायच्या.

कुठे पाहायचं

दहाच्या लेन्सखाली आधी पूर्ण स्लाइड फिरवा. थेंब जिथून सुरू झाला तिथे थर जाड असतो. तिथे पेशी एकमेकींवर चढलेल्या असतात आणि रूलो दिसतातच, अगदी धडधाकट माणसाच्या स्लाइडवरही. पिसासारख्या टोकाच्या कडेला पेशी चपट्या होतात, मधला फिकट भाग नाहीसा होतो. या दोन्हींच्या मधला पट्टा आपल्या कामाचा. तिथे पेशी एका थरात असतात, एकमेकींना जेमतेम स्पर्श करतात आणि मधला फिकट भाग पेशीच्या साधारण एक तृतीयांश असतो. ऑइल लेन्स तिथेच लावा.

एखाद्या फील्डमध्ये दोन टार्गेट दिसले म्हणून उडी मारू नका. वेगवेगळ्या पाच-सात फील्डमध्ये मिळून हजारेक पेशी पाहा. टार्गेट सेल आणि टिअर ड्रॉपसाठी आम्ही पाळतो तो सर्वमान्य माप असा: शेकडा पाच ते वीस असतील तर मध्यम, वीसच्या वर असतील तर भरपूर. पाचच्या खाली असतील तर बहुतेक वेळा आकाराचं नाव रिपोर्टमध्ये आणायची गरज नसते, बाकीचं चित्र काही वेगळं सांगत असेल तेवढीच गोष्ट निराळी.

रूलो: नाण्यांची चळत

पातळ भागातही तांबड्या पेशी चार-चार, आठ-आठच्या रांगेत, एकीवर एक रचलेल्या नाण्यांसारख्या दिसत असतील तर ते खरे रूलो. तांबड्या पेशींच्या पृष्ठभागावर ऋण भार असतो, म्हणून त्या एकमेकींपासून लांब राहतात. रक्तरसात फायब्रिनोजेन किंवा ग्लोब्युलिन वाढलं की हे लांब राहणं कमी होतं आणि पेशी चिकटून चळत रचतात. हीच चळत जड असल्याने लवकर खाली बसते, म्हणून ईएसआर वाढलेला असतो.

इथे घोळ होतो तो गुठळ्यांशी. कोल्ड अॅग्लुटिनिन असलेल्या रुग्णाच्या पेशीही एकत्र येतात, पण त्या रांगेत नसतात, द्राक्षाच्या घडासारख्या कशाही चिकटलेल्या असतात. डोळ्यांनी शंका राहिली तर ट्यूबमधल्या रक्ताचा एक थेंब स्लाइडवर घ्या, त्यात दोन-तीन थेंब नॉर्मल सलाइन मिसळा, कव्हर स्लिप ठेवा आणि चाळीसच्या लेन्सखाली पाहा. रूलो असतील तर पेशी सुट्या होतात. गुठळ्या असतील तर तशाच राहतात.

काउंटर मशीनचा कागदही बोलतो. मशीनमध्ये रक्त बरंच पातळ होतं, त्यामुळे रूलो सुटतात आणि आकडे सहसा बिघडत नाहीत. गुठळ्या मात्र सुटत नाहीत. दोन-तीन पेशी मिळून एकच मोठी पेशी म्हणून मोजली जाते, मग आरबीसी काउंट फार कमी, एमसीव्ही फार जास्त आणि एमसीएचसी ३६ च्या पुढे, कधी ४० च्या पुढे येते. हिमोग्लोबिन मात्र बरोबर असतं, कारण ते पेशी फोडून मोजतात. अशी ट्यूब ३७ अंशांवर अर्धा तास ठेवून गरम असतानाच पुन्हा चालवा, आकडे जागेवर येतात. आकडे सुधारले की रुग्णाला सांगण्यासारखं काही राहिलं नाही असं समजू नका, गुठळी दिसली ही नोंद रिपोर्टमध्ये गेलीच पाहिजे.

खरे रूलो म्हणजे मायलोमाच, असं नाही. टीबी, जुनाट जंतुसंसर्ग, सांध्यांचे आजार, लिव्हरचे जुने आजार, गरोदरपण, या सगळ्यांत रूलो असतात. पण साठीच्या आसपासचा माणूस, पाठीचं दुखणं जात नाही, हिमोग्लोबिन आठ-नऊ, ईएसआर शंभरच्या वर, आणि स्लाइडची पार्श्वभूमीच निळसर झाक मारते आहे, असं दिसलं तर बायोकेमिस्ट्रीच्या टेबलावर जाऊन त्याच रुग्णाचं टोटल प्रोटीन आणि अल्ब्युमिन पाहा. टोटल प्रोटीन १०.२ आणि अल्ब्युमिन २.९ म्हणजे ग्लोब्युलिन ७.३. निरोगी माणसात ते दोन ते साडेतीनच्या आसपास असतं. इतकं ग्लोब्युलिन असेल तर सीरम प्रोटीन इलेक्ट्रोफोरेसिस, कॅल्शियम आणि क्रिएटिनिन करून घ्यावं असं रिपोर्टमध्ये लिहा, आणि डॉक्टरांना फोनही करा. मायलोमाचा किडनीवर होणारा परिणाम थांबवायचा असेल तर आठवडा-दोन आठवडे कागदपत्रात घालवणं परवडत नाही.

उलट बाजूही लक्षात असू द्या. काही मायलोमात फक्त लाइट चेन तयार होतात, त्या लघवीवाटे निघून जातात, रक्तरसात ग्लोब्युलिन वाढत नाही आणि रूलोही नसतात. रूलो नाहीत म्हणून मायलोमा नाही, असं स्लाइडवरून कधीच म्हणू नका.

रक्तगट करताना रूलोचा त्रास आणखी होतो. रिव्हर्स ग्रुपिंगमध्ये ते गुठळीसारखे दिसतात आणि गट जुळत नाही. अशा वेळी ट्यूब फिरवून रक्तरस काढून घ्यायचा, तेवढंच सलाइन घालायचं, पेशी हलवून परत पाहायचं. रूलो सुटतात, खरी प्रतिक्रिया टिकते.

टिअर ड्रॉप: शेपट्या कुठल्या दिशेला?

अश्रूच्या थेंबासारखी, एका बाजूला टोक काढलेली पेशी. इथला खरे-खोटेपणा तपासायला सगळ्यात सोपा. शेपट्यांच्या दिशा पाहा. स्प्रेडर ओढताना पेशी ताणल्या गेल्या असतील तर सगळ्या शेपट्या एकाच दिशेला, बहुधा ओढलेल्या दिशेला, वळलेल्या असतात आणि टोकं सुईसारखी अणकुचीदार. खऱ्या टिअर ड्रॉपच्या शेपट्या चहूकडे असतात आणि टोक बोथट असतं. तीन वेगवेगळ्या फील्डमध्ये ही दिशा पाहा, एकात पाहून भागत नाही.

खरे टिअर ड्रॉप दिसले की पुढे त्याच स्लाइडवर दोन गोष्टी शोधा: केंद्रक असलेल्या तांबड्या पेशी आणि अपरिपक्व पांढऱ्या पेशी, म्हणजे मायलोसाइट, मेटामायलोसाइट. तिन्ही एकत्र असतील तर अस्थिमज्जेत काहीतरी जागा अडवून बसलं आहे, म्हणून आतली अर्धवट तयार झालेली पेशी बाहेर ढकलली जाते. मज्जेतून आणि वाढलेल्या प्लीहेतून निघताना तांबड्या पेशींची ओढाताण होते, तिथून ही शेपूट येते असं मानतात. जागा अडवणारं काय, ते वयावरून आणि लक्षणांवरून ओळखायचं. प्लीहा बेंबीपर्यंत आलेली आणि बोन मॅरो करताना सिरिंजमध्ये काहीच येत नाही, तर मायलोफायब्रोसिस. अशा वेळी अॅस्पिरेशनवर थांबू नका, ट्रीफाइन बायोप्सी आणि जेएके२, सीएएलआर, एमपीएल या जनुकांची तपासणी लागते. स्तनाचा किंवा प्रोस्टेटचा कॅन्सर मज्जेत पसरला असेल तरी हेच चित्र येतं, आणि मिलिअरी टीबीतही येतं.

आता एक गोष्ट, जिथे मी स्वतः फसले आहे. एका रुग्णाच्या स्लाइडवर शेकडा सात-आठ टिअर ड्रॉप होते, केंद्रक असलेल्या दोन-तीन पेशीही होत्या, आणि मी मायलोफायब्रोसिसची शंका लिहून टाकली. बाजूला मोठमोठ्या अंडाकृती पेशी होत्या आणि न्यूट्रोफिलच्या केंद्रकाला पाच-सहा कप्पे होते, तिकडे लक्षच गेलं नाही. एमसीव्ही ११८ होता. बी१२ ची कमतरता होती, इंजेक्शनं दिल्यावर सगळं जागेवर आलं. आमच्या सरांनी एवढंच विचारलं, "पांढऱ्या पेशी पाहिल्या होत्या का तुम्ही?" टिअर ड्रॉप दिसला की एमसीव्ही पाहणं आणि न्यूट्रोफिलचे कप्पे मोजणं तेव्हापासून सोडलं नाही. शंभर न्यूट्रोफिलपैकी पाच किंवा जास्त पेशींना पाच कप्पे, किंवा एखादीला सहा, हे मोजमाप पुरेसं आहे. थॅलेसेमिया मेजरच्या मुलांतही टिअर ड्रॉप असतात, पण तिथे बाकीचा गोंधळ इतका असतो की चुकायला वाव राहत नाही.

टार्गेट सेल, आणि एका जोडप्याच्या दोन स्लाइड

विदर्भात काम करणाऱ्याने सगळ्यात जास्त वेळ टार्गेट सेलवर घालवावा, असं माझं मत आहे.

पेशीचं आवरण आणि आतला माल यांचं गणित बिघडलं की टार्गेट सेल होतो. उशीचा अभ्रा मोठा आणि कापूस कमी, म्हणजे अभ्रा कुठेतरी दुमडणार, कुठेतरी फुगणार. रक्तात फिरताना ही पेशी खरं तर घंटेच्या आकाराची असते, काचेवर वाळताना मध्ये ठिपका आणि भोवती कडं असं तिचं रूप होतं. आता हा अभ्रा दोन कारणांनी मोठा पडतो. एक, कापूस कमी: हिमोग्लोबिन नीट तयार होत नाही, जसं थॅलेसेमियात. दोन, अभ्राच मोठा: कावीळ, विशेषतः पित्त अडून झालेली, आणि लिव्हरचे आजार यांत कोलेस्टेरॉल आणि फॉस्फोलिपिड पेशीच्या आवरणात साठतात.

म्हणून खरा टार्गेट सेल दिसला की आधी एमसीव्ही पाहा. एमसीव्ही ९८ आणि बिलिरुबिन वाढलेलं, तर लिव्हरकडे वळा. रक्ताचा आजार शोधत बसू नका. प्लीहा काढलेल्या रुग्णातही टार्गेट दिसतात आणि सोबत पेशीत एखादा गडद गोल ठिपका, हॉवेल-जॉली बॉडी, असतो. सिकल सेलच्या मोठ्या रुग्णात प्लीहा आपोआप सुकून निकामी होते, म्हणून तिथे विळ्याच्या आकाराच्या पेशींसोबत टार्गेट आणि हे ठिपके असे तिन्ही सापडतात.

एमसीव्ही ६०-७० च्या घरात असेल तर प्रश्न लोहाची कमतरता की थॅलेसेमिया ट्रेट. लोहाच्या कमतरतेतही थोडे टार्गेट असतात, पण सोबत पेन्सिलसारख्या लांबट पेशी, आरबीसी काउंट कमी आणि आरडीडब्ल्यू वाढलेला असतो. ट्रेटमध्ये पेशी लहान पण भरपूर, काउंट पाचच्या वर, आरडीडब्ल्यू साधारण ठीक, पेशींत निळे बारीक कण. एमसीव्हीला आरबीसी काउंटने भागा. तेराच्या खाली आलं तर ट्रेटकडे कल. हा नुसता कल आहे, निदान नाही. लोहाची कमतरता आणि ट्रेट एकत्र असतील तर हे गणित दोन्हीकडे फसतं.

आता ते जोडपं. बाई चोवीस वर्षांच्या, अकरा आठवड्यांच्या गरोदर, पहिलं बाळंतपण. आकडे असे होते: हिमोग्लोबिन १०.१, आरबीसी ५.४, एमसीव्ही ६४, एमसीएच १८.७, आरडीडब्ल्यू १५. लग्नाआधीपासून रक्त कमी म्हणून लोहाच्या गोळ्या तीन वेळा घेऊन झाल्या होत्या, हिमोग्लोबिन दहाच्या आसपासच. त्यांच्याकडे एका शिबिरातला कागद होता, त्यावर सोल्युबिलिटी टेस्ट निगेटिव्ह, म्हणजे सिकल नाही. घरच्यांनी त्यातून "रक्ताचा आजार नाही" एवढाच अर्थ काढलेला.

स्लाइडवर लहान, फिकट पेशी आणि शेकडा नऊ-दहा टार्गेट. त्या दिवशीची ओळखीची स्लाइड काढून पाहिली, स्वच्छ होती, म्हणजे काच खोटं बोलत नव्हती. पेशी वेगवेगळ्या फील्डमध्ये सारख्या पसरलेल्या होत्या, फोकस वरखाली केला तरी कडा चमकत नव्हत्या. पेन्सिल सेल जवळपास नाहीत, निळे कण आहेत. ६४ भागिले ५.४, उत्तर ११.९.

सोल्युबिलिटी टेस्ट फक्त हिमोग्लोबिन एस शोधते. थॅलेसेमिया ट्रेट तिला दिसतच नाही. शिवाय ती टेस्ट ट्रेट आणि आजार यांतही फरक करत नाही, दोन्हींत पॉझिटिव्हच येते. म्हणून फेरिटिन आणि हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणारं एचपीएलसी, दोन्ही करून घेतलं. लोह कमी असेल तर ट्रेटमध्ये वाढणारं हिमोग्लोबिन ए२ थोडं खाली येऊन सीमेवर राहू शकतं, म्हणून फेरिटिन सोबत लागतंच. फेरिटिन ठीक होतं, हिमोग्लोबिन ए२ ५.३ आलं. साडेतीनच्या पुढे ते वाढलेलं मानतात आणि ट्रेटमध्ये बहुधा चार ते सहाच्या आसपास असतं. बीटा थॅलेसेमिया ट्रेट. ए२ च्या जागी पंचवीस-तीस असा आकडा दिसला तर मात्र ते ए२ नव्हे, हिमोग्लोबिन ई असण्याची शक्यता मोठी. ते त्याच ठिकाणी बाहेर पडतं. बंगाल, ओडिशा, ईशान्येकडून नागपुरात आलेल्या कुटुंबांत ते मिळतं आणि त्याच्याही स्लाइडवर टार्गेट भरपूर असतात.

गरोदर बाईला ट्रेट निघाला की त्याच दिवशी नवऱ्याची तपासणी. थांबायचं नाही, कारण वेळ मोजका असतो. नवरा म्हणाला, "मला काय झालं मॅडम? मी तर ठणठणीत आहो." खरंच ठणठणीत होता. हिमोग्लोबिन १४.६, एमसीव्ही ८३. स्लाइड पाहिली, काहीच नाही. स्लाइडवर विसंबून राहिले असते तर त्याला घरी पाठवलं असतं.

पण नियम असा की एकाला ट्रेट असेल तर दुसऱ्याचं एचपीएलसी होतंच, स्लाइड कशीही असो. त्याचं एचपीएलसी आलं: हिमोग्लोबिन एस ३६ टक्के, बाकी बहुतेक ए. सिकल ट्रेट. विदर्भात सिकलचं जनुकही आहे आणि थॅलेसेमियाचंही, त्यामुळे अशी जोडी इथे कुठेही बसू शकते. लग्न ठरवताना "दोघांनाही सिकल नाही ना" एवढं विचारून लोक मोकळे होतात. थॅलेसेमिया कोणी विचारत नाही.

अशा जोडप्याच्या प्रत्येक गरोदरपणात चार शक्यता सारख्याच: मूल निरोगी, मुलाला फक्त थॅलेसेमिया ट्रेट, फक्त सिकल ट्रेट, किंवा दोन्ही मिळून सिकल-बीटा थॅलेसेमिया. चौथ्या शक्यतेत मुलाला सिकल सेलसारखाच आजार होतो, त्याची तीव्रता बीटाचं कुठलं म्यूटेशन आहे यावर ठरते. त्यामुळे आधी आईचं म्यूटेशन शोधावं लागतं. भारतात सर्वात जास्त आढळणारं आयव्हीएस १-५. मग अकरा ते तेरा आठवड्यांत कोरिऑनिक व्हिलसचा नमुना घेऊन बाळाची तपासणी करता येते. जोडप्याला हे सगळं समजावून सांगायचं काम जेनेटिक काउन्सेलरचं आणि स्त्रीरोगतज्ज्ञांचं, आपलं नाही. आपलं काम एवढंच की ही जोडी अकराव्या आठवड्यातच त्यांच्यासमोर जाऊन बसली पाहिजे, विसाव्यात नाही.

रिपोर्टमध्ये बाईच्या स्मिअरखाली मी एवढं लिहिलं होतं: लहान व फिकट पेशी, मध्यम प्रमाणात टार्गेट सेल, निळे कण; लोहाच्या कमतरतेपेक्षा थॅलेसेमिया ट्रेटची शक्यता अधिक; एचपीएलसी व फेरिटिन करावे, पतीची तपासणी करावी. आकार लिहायचा, प्रमाण लिहायचं, शंका लिहायची आणि पुढची टेस्ट लिहायची. स्मिअरवरून "थॅलेसेमिया ट्रेट आहे" असं लिहायचं नाही.

एचपीएलसीचा कागद हातात आल्यावर संध्याकाळी मी त्या नवऱ्याची स्लाइड रॅकमधून परत काढली. आता उत्तर माहीत होतं, म्हणून डोळे अधिक बारीक झाले होते. दहा-पंधरा मिनिटं शोधलं. हजारभर पेशींत दोन टार्गेट, तेही नीट नाहीत, कोणाच्याही स्लाइडवर मिळतील असे. विळ्यासारखी पेशी एकही नाही. तेल पुसलं आणि स्लाइड रॅकमध्ये परत ठेवली.